मदत हवी आहे: रेंज पूर्ण दिसते, तरी गर्दीत फोन का लागत नाही?

नोंदवही:
नमस्कार. मोकळ्या मैदानावर दरवर्षी तीन दिवस चालणाऱ्या एका उत्सवात आम्ही २६ स्वयंसेवक काम करतो. सायंकाळी सात ते नऊ या वेळेत आमचे फोन जवळजवळ निकामी होतात. मागच्या वेळी ७ वाजून १० मिनिटांनी एक लहान मुलगा आई-वडिलांपासून चुकल्याचे कळले. मी लगेच गटावर संदेश टाकला, पण त्याच्या शेजारचे घड्याळाचे चिन्ह काही केल्या हटेना. अखेर तो संदेश इतरांना मिळाला तेव्हा आठ वाजत आले होते. मुलगा तोपर्यंत सापडला होता, पण तो पायी धावपळ करून; फोनचा त्यात काहीच वाटा नव्हता. मला कोड्यात टाकणारी गोष्ट अशी की या सबंध वेळात माझ्या फोनवर रेंज पूर्ण दिसत होती, आणि फोन मात्र हाताला चटका बसावा इतका तापला होता. रेंज आहे तर फोन का लागत नाही, आणि कॉल, एसएमएस व इंटरनेटवरचा संदेश यांपैकी अशा वेळी कशावर भरवसा ठेवावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पायवाट:
याचे कारण सोपे आहे. माणसाच्या शरीरात पाणी असते आणि ते लहरी शोषून घेते. हजारो माणसे दाटीने उभी राहिली की सिग्नल खाली पोहोचतच नाही. फोन डोक्याच्या वर धरावा आणि दर मिनिटाला विमान मोड चालू-बंद करावा. मला याचा नेहमी उपयोग होतो.

रात्रपाळी:
मी अनेक वर्षे मोबाइल जाळ्याच्या रेडिओ विभागात काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. पायवाट यांचे पहिले म्हणणे खोटे नाही. गर्दीमुळे सिग्नल खरोखरच काही प्रमाणात क्षीण होतो आणि फोन उंच धरल्याने थोडा फरक पडतो. परंतु नोंदवही यांच्या फोनवर रेंज पूर्ण होती, म्हणजे त्यांची अडचण ही नव्हे.

रेंजचे चिन्ह एवढेच सांगते की टॉवर सतत जी हाळी देत असतो ती तुमच्या फोनला किती मोठ्याने ऐकू येते. टॉवरला तुमचे ऐकू येते का, आणि ऐकले तरी तुमच्यासाठी त्याच्याकडे जागा आहे का, हे त्या चिन्हात कुठेच नसते.

४जीमध्ये स्वस्थ पडून असलेल्या फोनला काहीही पाठवायचे असले तर आधी टॉवरचे दार ठोठवावे लागते. त्यासाठी प्रत्येक सेलमध्ये, म्हणजे टॉवरच्या हद्दीतल्या प्रत्येक भागात, ६४ ठरावीक खुणा असतात. त्यांतल्या काही टॉवर स्वतःकडे राखून ठेवतो आणि उरलेल्यांपैकी एक फोन स्वतःच्या मनाने उचलतो. त्याच क्षणी दुसऱ्या फोनने तीच खूण उचलली, तर दोघांपैकी बहुधा एकाचेच काम होते किंवा कोणाचेच होत नाही. समजा ५४ खुणा मोकळ्या आहेत. एकाच क्षणी १० फोनांनी दार ठोठावले, तर तुमची खूण आणखी कोणी उचललेली असण्याची शक्यता सुमारे १५ टक्के येते. ५० फोन असतील तर ती ६० टक्क्यांवर जाते आणि १०० असतील तर ८४ टक्क्यांवर. अपयशी फोन गप्प बसत नाही. तो थोडा थांबतो, आवाज चढवतो आणि पुन्हा ठोठावतो. त्यामुळे पुढच्या क्षणाची गर्दी आणखी वाढते आणि टॉवरच्या कानावर एकच कल्लोळ येतो. तुमचा फोन तापला त्यामागे हे वाढीव शक्तीने वारंवार ठोठावणे बऱ्याच अंशी असणार.

विमान मोडविषयी मात्र मतभेद नोंदवतो. तो बंद केल्यावर फोनला जाळ्यात नव्याने नोंदणी करावी लागते, म्हणजे त्याच दारावर आणखी थापा पडतात. कधी त्यातून फोन दुसऱ्या, कमी गर्दीच्या फ्रिक्वेन्सीवर जाऊन बसतो आणि काम होते. एकदा करून पाहायला हरकत नाही. दर मिनिटाला करणे म्हणजे रांगेतून बाहेर पडून पुन्हा शेवटी उभे राहणे आहे.

तळमजला:
माझीही हीच तक्रार आहे. आमच्या घरात खालच्या मजल्यावर रेंजच येत नाही, कॉल मध्येच तुटतो. सिग्नल वाढवणारे यंत्र घ्यावे का?

रात्रपाळी:
तळमजला, तुमची अडचण वेगळी आहे. तुमच्याकडे आवाज पोहोचत नाही आणि इथे आवाज पोहोचूनही दारात चेंगराचेंगरी आहे. घरी तारेचे इंटरनेट असेल तर फोनमधील वाय-फाय कॉलिंग चालू करून पाहा. बाजारातली यंत्रे पुष्कळ देशांत परवानगीशिवाय लावता येत नाहीत, आणि चुकीची लावली तर शेजाऱ्यांचाही सिग्नल बिघडतो. पुढचे वेगळ्या धाग्यावर बोलू.

नोंदवही:
रात्रपाळी, आभार. कल्लोळाचे कारण समजले. आता कॉल करावा की संदेश पाठवावा हा प्रश्न उरतो. आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. एका सहकाऱ्याने मला एसएमएस पाठवला. त्याच्या फोनवर 'पाठवता आला नाही' असे आले, म्हणून त्याने तो तीनदा पाठवला. मला तिन्ही मिळाले, तेही अर्ध्या तासाने एकदम. हे कसे घडले?

रात्रपाळी:
संदेश वर पोहोचला होता, पण तो पोहोचल्याची पावती परत येताना हरवली. पावती नाही म्हणून फोनने अपयश जाहीर केले. गर्दीत 'पाठवता आला नाही' याचा अर्थ 'पोहोचला नाही' असाच असतो असे समजू नये. एसएमएस कंपनीच्या संदेश-केंद्रात साठवून ठेवला जातो, आणि तुमचा फोन सापडत नसेल तर केंद्र थांबून पुन्हा प्रयत्न करते. म्हणून तो उशिरा का होईना येतो. एवढ्याचसाठी संदेशात वेळ लिहिण्याची सवय लावा, नाहीतर अर्ध्या तासापूर्वीचा आदेश आत्ताचा समजून कोणीतरी धावत सुटेल.

आता तिन्हींची तुलना करतो. साध्या ४जी कॉलला आत गेल्यावर स्वतंत्र, अग्रक्रमाची वाट मिळते. अ‍ॅपवरचा कॉल मात्र इतरांच्या चित्रफितींबरोबर एकाच रांगेत उभा राहतो. म्हणून बोलायचेच असेल तर नेहमीच्या डायलरवरून बोला. एसएमएसला फार थोडी जागा लागते आणि तो थांबू शकतो, त्यामुळे तो सर्वांत चिवट. पण दार त्यालाही चुकलेले नाही; प्रत्येक एसएमएसला एकदा ठोठवावेच लागते. आणि संदेशांच्या अ‍ॅपमध्ये 'चॅट' सुविधा चालू असेल तर तुम्ही ज्याला एसएमएस समजता तो गुपचूप इंटरनेटवरून जातो. ती सुविधा तेवढ्या दिवसांपुरती बंद करा.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक खास अडचण आहे. रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात. देवनागरीत सहसा ७०. शिवाय मोजणी आपण वाचतो तशी होत नाही, काना, मात्रा, अनुस्वार आणि हलंत हे सगळे वेगळे धरले जातात. 'प्रवेशद्वार' आपल्याला पाच अक्षरांचे वाटते, फोन त्याची ११ मोजतो. मर्यादा ओलांडली की संदेशाचे तुकडे होतात, आणि एक तुकडा अडकला तरी पूर्ण संदेश दिसत नाही. 'गेट ३ बंद. गर्दी गेट ५ कडे वळवा. ७:४०' यात ३७ मोजली जातात, म्हणजे निम्मी जागा शिल्लक राहते. हेच 'कृपया सर्वांनी लक्ष द्यावे' अशी सुरुवात करून लिहिले की जवळजवळ सगळी जागा संपते.

दुसरीखेप:
मी अशा कार्यक्रमांत ध्वनियंत्रणेचे काम करते. आमच्याकडे प्रत्येकाकडे दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम असतात आणि त्याने आमचे बरेच भागते. शिवाय मी फोन सक्तीने २जीवर टाकते. सगळे ४जी आणि ५जीवर भांडत असतात आणि २जी रिकामे असते.

रात्रपाळी:
दोन सिमविषयी सहमत आहे, मात्र दोन्ही कंपन्यांचे टॉवर वेगळे हवेत आणि दुसऱ्या कंपनीचे ग्राहक त्या मैदानावर कमी हवेत. २जीविषयी मी तितका निश्चिंत नाही. तिथे एका वाहकावर, म्हणजे एका रेडिओ पट्ट्यावर, आठच वेळखिडक्या, म्हणजे आळीपाळीने बोलण्याच्या जागा, असतात. आवाज अर्ध्या दराने पाठवला तरी फार तर १६ कॉल, त्यातूनही नियंत्रणासाठी जागा जाते. रिकामे असेल तर उत्तम, भरले की संपले. काही देशांत तर २जी बंदच झाले आहे.

दुसरीखेप:
माझा अनुभव तीन-चार ठिकाणांचा आहे आणि तो दरवेळी चांगलाच आला आहे. आपण म्हणता तसे भरलेले २जी मी अजून पाहिलेले नाही.

रात्रपाळी:
ठिकाणागणिक फरक पडणारच. तुमचे मैदान तुम्हीच जाणता.

पायवाट:
मग ५जीवर गेल्यास प्रश्नच मिटेल ना? तिथे जागा भरपूर असते.

रात्रपाळी:
पुष्कळ ठिकाणी ५जीचे चिन्ह दिसत असले तरी फोन आधी ४जीच्या दारातूनच आत येतो आणि ५जी त्याला जोडले जाते. अशा जाळ्यात दाराची गर्दी जशीच्या तशी राहते. जिथे ५जी स्वतंत्रपणे चालते तिथे फायदा होऊ शकतो.

नोंदवही:
आम्ही असे ठरवत आहोत: सहा ठाण्यांवर एकेक माणूस, आधी लिहून ठेवलेले छोटे एसएमएस, आणि सर्वांच्या फोनवर पार्श्वभूमीतला डेटा बंद. याने जाळ्यावरचा भार कमी होईल का?

रात्रपाळी:
जाळ्याचा नाही. साधारण दहा सेकंद शांतता झाली की जोडणी सुटते आणि पुढे कोणत्याही अ‍ॅपने डोकावले की पुन्हा ठोठावणे आले, हे खरे. पण तुमचे २६ फोन गप्प झाले तरी हजारो ठोठावतच राहणार. तुमची बॅटरी मात्र टिकेल आणि तेवढ्यासाठी ते जरूर करा. त्या सहा ठाण्यांना हातातले वायरलेस संच मिळाले तर फोनचा प्रश्नच उरत नाही. तिथे टॉवर लागत नाही, एक बोलतो आणि सगळे ऐकतात. परवान्याचे नियम आधी पाहावेत. कोणी कोसळले तर मात्र ओळखीच्याला फोन लावण्यात वेळ घालवू नका. आपत्कालीन क्रमांकाला जाळ्यात अग्रक्रम असतो आणि तो कॉल दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरूनही जाऊ शकतो.

नोंदवही:
आयोजकांनी कंपनीकडे फिरता टॉवर मागितला आहे. तो आला की हे सगळे करावे लागणार नाही, असे त्यांचे मत आहे.

रात्रपाळी:
तो कुठे उभा राहणार आणि त्याला मागे मुख्य जाळ्याशी कोणता दुवा जोडणार, हे दोन प्रश्न त्यांना आजच विचारा. नवे दार मिळाले आणि मागचा दुवा अरुंद असला, तर फोन झटकन जोडले जातील आणि संदेशाजवळचे घड्याळ तसेच फिरत राहील.

नोंदवही:
विचारले. जागा मंचाच्या मागे ठरली आहे. दुव्याविषयी अजून उत्तर आलेले नाही.