प्रतिसाद: बिडे सीटची धार मंदावली

"सीट गरम होते, दिवे लागतात, पण पाण्याची धार अगदीच बारीक. मोटर गेली का?"

मोटरला हात लावण्याआधी फ्लश आणि सीट दोन्हींना पाणी देणारा भिंतीवरचा अँगल कॉक बघा. आमच्याकडे प्लंबरने फ्लशचा वॉशर बदलला आणि कॉक अर्धाच उघडून गेला. फ्लशची टाकी सावकाश का होईना भरते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. सीटला मात्र चालू धारेत दाब लागतो. कॉक पूर्ण उघडल्यावर धार सुधारली, पण निम्मीच.

मग सीटचा प्लग काढला, कॉक बंद केला, सीटकडचा होज सोडून बादलीत धरला आणि कॉक हळूच उघडला. पाणी जोरात आलं, म्हणजे अडथळा त्यापुढे होता. सीटच्या इनलेटच्या तोंडाशी बोटाच्या पेराएवढी जाळी असते. ती पक्कडीने अलगद सरळ ओढली, तर वरची पाण्याची टाकी धुतल्यानंतरचा गाळ आणि बोअरच्या पाण्याचा पांढरा थर निघाला. गाळ जुन्या टूथब्रशने गेला; थरासाठी जाळी अर्धा तास पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ठेवली. जाळीशिवाय सीट चालवू नका, कचरा थेट व्हॉल्व्हमध्ये जातो. बसवताना रबरी वॉशर जागेवर आहे ना बघा, होज हातानेच आवळा.