मदत हवी आहे : जीवनसत्त्वांच्या तक्त्यातले रिकामे रकाने

शेवगा_शेंग : एएनएमच्या पहिल्या वर्षाला आहे. आहाराच्या छापील तक्त्यातले रिकामे रकाने भरून द्यायचेत. प्रौढांचा तक्ता आहे, पुढे काही लिहिलेलं नाही.

| जीवनसत्त्व | अन्नपदार्थ | रोजची गरज |
|---|---|---|
| अ | ? | ६०० मायक्रोग्रॅम |
| क | आवळा, पेरू | ४० मिग्रॅ |
| ड | ? | ? |
| ब१२ | दूध, अंडी, मासे | ? |
| ब१ | ? | ? |

नेटवर 'क' पुरुषांना ८० आणि बायकांना ६५ दिसतंय. छापलेलं ४० खोडू का?

कोकणी_काका : खोडू नकोस. 'ड'समोर ऊन लिही आणि गरजेत रेघ मार. उन्हात बसलं की झालं.

सांधेदुखी६२ : मला डॉक्टरांनी 'ड'ची ६०,००० ची गोळी दिली आहे, आठवड्यातून एक. मग रोजची गरज साडेआठ हजार झाली ना? गोळी दुधाबरोबर घ्यावी का?

आहारवाली : दादा, तो कमतरता भरून काढायचा डोस आहे, तक्त्यातली गरज नव्हे. दुधाचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

शेंगताई, ६०० आणि ४० ही जोडी आयसीएमआरच्या २०१० च्या तक्त्यातली आहे. तुम्हाला नेटवर दिसतोय तो २०२० चा. त्यात 'अ' पुरुषांना १०००, स्त्रियांना ८४०. २०२० चा नवा आहे, २०१० चा जुना; दोन्ही एकाच कागदावर मिसळू नका. छापलेलं २०१० चं आहे, तर उरलेलंही त्यातलंच भरा : ब१२ ला १ मायक्रोग्रॅम, 'ड'ला ४०० आययू म्हणजे १० मायक्रोग्रॅम.

काकांचं उन्हाचं अर्धं बरोबर आहे. ते ४०० ऊन फारसं न मिळणाऱ्यांसाठीच सांगितलंय. पण रकाना अन्नपदार्थांचा आहे, तिथे तारली, बांगडा, अंड्याचा बलक लिहा.

'अ'समोर सगळे गाजर लिहितात. पण ६०० हा आकडा रेटिनॉलचा, म्हणजे कलेजी, अंडी, तूप यांच्यात असतं त्याचा. गाजर किंवा शेवग्याचा पाला लिहिलात तर तिथे बीटा कॅरोटीन असतं, आणि २०१० च्या हिशोबात त्याचे ८ भाग म्हणजे रेटिनॉलचा १. म्हणून ६०० साठी ४८०० लागतं. दोन्ही पदार्थ लिहा आणि ही ओळ खाली टाका.

शेवगा_शेंग : आययूला ४० ने भागायचं, हे 'अ'लाही चालेल ना? एका डबीवर 'अ' ५००० आययू आहे.

आहारवाली : नाही, ते फक्त 'ड'चं. रेटिनॉलचा १ आययू ०.३ मायक्रोग्रॅम, म्हणजे डबीत १५०० झाले. ४० ने भागलंत तर १२५ येतील आणि डबी कमी ताकदीची वाटेल.

शेवगा_शेंग : कळलं. आणि ब१?

आहारवाली : पदार्थ सोपे : डाळी, शेंगदाणे, हातसडीचा तांदूळ. आकडा अडतो, कारण तो कष्टांवर ठरतो. बैठं काम करणाऱ्या पुरुषाला १.२ मिग्रॅ, स्त्रीला १.०, जड कामाला १.७ आणि १.४. 'अ', 'क', ब१२ चे आकडे दोघांना सारखेच, त्यामुळे तुमचा कागद कोणाचा ते त्यांवरून कळत नाही.

कोकणी_काका : १.१ लिही, मधलं.

आहारवाली : तो बैठ्या कामाचा आकडाच नाही काका, मध्यम कष्टाच्या स्त्रीचा आहे.

शेवगा_शेंग : मॅडम सोमवारी येतील, तोवर तो रकाना कोराच ठेवते.