डब्याचं बिल: खाडे कापताना 30 ने भागायचं की 26 ने?

अभिजित: इंदूरला भंवरकुआंत रूम आहे, डब्याचे जुलै-ऑगस्टचे 6240 अॅडव्हान्स दिले होते. जुलैत सोमवार ते शनिवार 6 दिवस घरी गेलो, आदल्या दिवशी मेसेज टाकून. आता डबेवाल्या ताईंनी सप्टेंबरच्या 3380 मधून फक्त 624 कापले. रोजचे 104 कुठून आले? डबेवाले सगळे लुटतात.

माई: "सगळे लुटतात" वाचून राहवलं नाही. मी सुदामानगरात 9 वर्षं डबे करतेय. तुमच्या ताईंनी महिन्याच्या 3120 ला 30 ने भागलं, ते चूकच आहे. रविवारी डबा नसतो, 26 डब्यांचे पैसे घेतले म्हणजे एक डबा 120 चा, 6 चे 720. आता दर 130 झाला तरी जुलैचे खाडे 120 नेच कापायचे, कारण पैसे त्याच दराने घेतलेत. मी तर बिलात खाड्याच्या तारखा वेगळ्या ओळीत लिहिते, नाहीतर अॅडव्हान्सवाल्यांचे खाडे दोन महिन्यांनी कुणाला आठवतात.

नाना: पूर्ण 120 का कापायचे? डबा पोचवणाऱ्या पोराचा पगार महिन्याचा असतो, तुम्ही गावी गेलात म्हणून तो कमी होत नाही. वाचतो तो फक्त भाजी-पिठाचा खर्च, तेवढाच कापा.

वैशाली: हेच शाळेचे व्हॅनवाले काका म्हणतात आणि मे महिन्याचे पूर्ण पैसे घेतात! शाळा बंद, गाडी दारात उभी. शिवाय एप्रिलमध्येच जूनचे अॅडव्हान्स.

नाना: गाडीचा हप्ता आणि इन्शुरन्स मे मध्ये थांबतो का? 10 महिन्यांत वाटून घेतलं तर रोजचा दर वाढेल, तेव्हा तुम्हीच ओरडाल.

वैशाली: मग तसं आधीच सांगा ना! माझी मुलगी कांजिण्यांनी 15 दिवस घरी होती, एक रुपया कमी केला नाही. तुम्ही व्हॅन चालवता का, एवढी बाजू घेताय?

नाना: भाऊ चालवतो. व्हॅन एका पोरासाठी कमी फिरत नाही, तेवढाच रस्ता, तेवढंच डिझेल. डब्यात निदान पीठ तरी वाचतं.

माई: व्हॅनचं नानांचं पटतंय, मे चं नाही. अभिजित, मेसेज किती वाजता टाकला होता? भाजी आदल्या संध्याकाळीच येते, माझ्याकडे रात्री 8 नंतर कळवलं तर पहिला दिवस कापत नाही.

अभिजित: रविवारी रात्री 9:40 ला. पण वेळेचं मला कुणी सांगितलंच नव्हतं.

माई: मग माझ्या नियमाने 5 डबे, 600 रुपये. तुमच्या ताईंनी 624 दिलेत. पण वेळ सांगितली नसेल तर सहावा डबाही कापायला हवा, तेव्हा 96 मागा.

अभिजित: बरं, "सगळे लुटतात" परत घेतो. 96 मात्र मागणार.

वैशाली: आणि माझ्या मे चं काय?