तुर्की गॉसिपचं भाषांतर

> ऐकीव गोष्टीसाठी तुर्कीत वेगळा भूतकाळ आहे म्हणे, मराठीत कसा आणायचा?

तुमच्या प्रश्नातच उत्तर आलंय बघा, 'म्हणे'! 'आयशे बोशानमिश' म्हणजे आयशेचा घटस्फोट झाला म्हणे, आणि 'बोशानदी' म्हटलं की बोलणाऱ्याला पक्कं माहितीये, मग मराठीत 'म्हणे' नको, नुसतं 'झाला'. इंग्रजीत 'अपॅरंटली' जोडावं लागतं पण त्यात थोडी शंका डोकावते, तुर्कीत तसं नाही, तिथे 'मिश' हा क्रियापदाचा साधा प्रत्यय आहे, शंका असेलच असं नाही. मला 'म्हणे'च जवळचं वाटतं. फक्त सगळीकडे चालत नाही, सकाळी खिडकीतून बर्फ दिसला की तुर्की माणूस 'कार याअमिश' म्हणतो, तिथे कोणी सांगितलेलं नसतं, खुणेवरून कळलेलं असतं, मग मराठीत 'रात्री बर्फ पडलेला दिसतोय' असंच करावं लागतं.