पोत तारण ठेवून बिटकॉइन: दादाचं पत्र पटतं का?

मनीषा, जळगाव: मी दादाला विचारलं होतं: "पोत आणि पाटल्यांवर 2 लाखांचं सोनेतारण कर्ज मिळतंय, व्याज 12 टक्के. बिटकॉइन वर्षात 15 टक्के तरी वाढेलच. 3 टक्के सुटतात. घेऊ का?" त्याचं दुबईहून आलेलं पत्र खाली देते. तुम्हाला काय वाटतं?

*चि. मनीषा,*
*ते 3 टक्के सुटत नाहीत. 2 लाखांचे 2 लाख 30 हजार झाले असं धर. 30 हजार नफ्यावर 30 टक्के कर, करावर 4 टक्के उपकर, मिळून 9,360 गेले. उरले 20,640 आणि व्याज 24,000. म्हणजे भाव तू म्हणतेस तसा वाढला तरी पोत सोडवायला 3,360 पदरचे घालायचे, एक्स्चेंजचं कमिशन वेगळंच. व्याज नफ्यातून वजा दाखवता येत नाही. 2022 पासूनच्या नियमात फक्त खरेदीची किंमत वजा होते. नुसतं बरोबरीत यायला साडेसतरा टक्के वाढ लागेल.*
*इकडच्या मित्रांचे आकडे तू ऐकतेस, पण दुबईत वैयक्तिक आयकर नाही. ते गणित जळगावात लागू होत नाही. आणि भाव निम्मा झाला तर हातात 1 लाख, देणं 2 लाख 24 हजार. आईच्या पाटल्या आहेत त्यात, विसरू नकोस.*
*तुझा दादा*

चोपडेकर: दादा फारच घाबरट बुवा. 2022 च्या शेवटी बिटकॉइन 17 हजार डॉलरच्या खाली होता, डिसेंबर 2024 मध्ये लाखावर गेला. 2 लाखांचे 12 लाख धरा. कर 3 लाख 12 हजार, दोन वर्षांचं व्याज 48 हजार, तरी 6 लाख 40 हजार सुटले. कापसाला कर्ज काढतो तेव्हा कोणी पत्र लिहितं का?

भुसावळची सीए: हिशोब बरोबर आहे, खरेदीची तारीख मात्र तुम्ही सोयीची धरलीत. तेच कर्ज नोव्हेंबर 2021 मध्ये, भाव 69 हजार डॉलरच्या आसपास असताना काढलं असतं तर? सोनेतारणाची मुदत साधारण 12 महिने. नोव्हेंबर 2022 मध्ये मुदत भरली तेव्हा त्या 2 लाखांचे पन्नास हजारांच्या आसपास उरले होते. भाव परत 69 हजारांवर आला मार्च 2024 मध्ये. स्वतःचे पैसे घातलेला तोवर थांबू शकला. तारणवाल्याला मधेच नोटीस येते, आणि पैसे भरले नाहीत तर दागिने लिलावात जातात.

धुळेकर: शिवाय प्रत्येक विक्रीवर 1 टक्का टीडीएस. तो तर गेलाच समजा.

भुसावळची सीए: जात नाही. 2 लाख 30 हजारांच्या विक्रीवर 2,300 कापले जातील, ते रिटर्न भरताना 9,360 मधून वजा होतात. रिटर्न भरलंच नाही तर मात्र गेले. खरी मेख दुसरीकडे आहे. एका कॉइनमध्ये 40 हजार मिळाले आणि दुसऱ्यात 40 हजार बुडाले, तर कमाई शून्य. तरीही पहिल्यावरचा 12,480 कर भरावा लागतो. तोटा वळता करता येत नाही, पुढच्या वर्षी नेताही येत नाही.

रावेरचा केळीवाला: माझं पीककर्ज 4 टक्क्यांनी पडतं. त्यातून घेतलं तर?

माजी बँकवाला, अमळनेर: भाऊ, ते 4 टक्के वेळेत फेडलं तरच. मूळ दर 7, वेळेत फेडीची 3 टक्के सवलत सरकारची. तारीख चुकली की सवलत गेली. 4 टक्क्यांना सहा टक्क्यांच्या आत वाढ झाली तरी बरोबरी होते, हे खरं. पण फेडीच्या तारखेला बिटकॉइन वर असेल याची हमी कोण देणार? आणि पैसा केळीसाठी दिलेला. दुसरीकडे वळवलेला दिसला तर बँक सगळी रक्कम एकदम मागू शकते.

नंदुरबारची नीता: भाऊ परदेशात आहे तर त्यालाच पैसे पाठवायला सांगा ना. त्यावर टॅक्स लागतो का?

भुसावळची सीए: सख्ख्या भावाने भेट दिलेल्या रकमेवर बहिणीला कर नाही. पण ताई, विचारलंय कर्जाबद्दल.

चोपडेकर: आणि व्याज पगारातून भरत राहिलं तर? मग लिलाव कसा होईल?

माजी बँकवाला, अमळनेर: होणार नाही, कर्ज नवं करून मिळेल. नवं करताना सोन्याचं मूल्य पुन्हा काढतात. सोनं उतरलं असेल तर फरक रोख भरायचा, एवढंच. पण वर्षाचे 24 हजार म्हणजे महिना 2 हजार. तेवढे पगारातून निघत असतील तर तेच सरळ बिटकॉइनमध्ये घाला की, पोत घरातच राहील.

चोपडेकर: पण पहिल्याच वर्षी भाव दुप्पट झाला तर महिन्याला 2 हजारवाला मागेच राहणार.

माजी बँकवाला, अमळनेर: राहील. त्याला नोटीसही येणार नाही.

मनीषा: दादाला 2 हजारांचं विचारते. तो त्यालाही नाही म्हणेल, ठाऊक आहे मला.