एका फोटोला ६५ हजार? तेही वर्षभरासाठी?

सीवूड्सवाला:
आमच्या नेरूळच्या प्रोजेक्टसाठी एका फोटोग्राफरचा फ्लेमिंगोंचा फोटो आवडला. आम्ही १० हजार देऊ केले, वर नावही छापणार होतो. त्याचं कोटेशन आलं ६५ हजारांचं: वेबसाइट आणि सोशल मीडिया वर्षभर १५, ब्रोशरच्या ४ हजार प्रतींचे १०, पाम बीच रोडवर दोन होर्डिंग तीन महिने ४०. फोटो आधीच काढलेला, नवीन खर्च शून्य. पैसे दिले की वस्तू आपली, हा साधा व्यवहार या लोकांना कधी कळणार?

खाडीकाठ:
कोटेशन माझं नाही, पण अशीच कोटेशनं पाठवून माझं घर चालतं, म्हणून गप्प बसवत नाही.

तुम्ही फोटो विकत घेत नाही आहात हो. तो वापरायची परवानगी घेताय. कुठे, किती आणि कधीपर्यंत, यावर तिची किंमत ठरते. त्या दोन होर्डिंगच्या जागेचं भाडं तुम्ही महिन्याच्या हिशेबानं भरता ना? तिथे जाऊन कधी म्हणालात का, "लोखंड आधीच उभं आहे, नवीन खर्च शून्य, १० हजारांत कायमचं द्या"?

आता कोटेशन बघा. चाळीसचा आकडा होर्डिंगचा आहे, कारण सगळ्यात जास्त डोळे तिथे आहेत आणि तुमचा सगळ्यात जास्त पैसाही तिथेच जातोय. होर्डिंग काढा, बिल २५ वर येतं. तीनऐवजी दीड महिना ठेवा, माणूस बोलायला तयार होईल. आणि उद्या शेजारच्या बिल्डरने तोच फोटो लावू नये असं वाटत असेल, तर त्याचे पैसे वेगळे. मी स्वतः त्यासाठी निम्मी रक्कम वाढवतो, कारण तेवढे महिने त्या धंद्यातलं दुसरं गिऱ्हाईक मला सोडावं लागतं. या माणसाने ते लावलेलंच नाही. म्हणजे स्वस्तात सुटताय.

तुमच्या १० हजारांच्या मेलमध्ये "सर्व माध्यमं, कायमस्वरूपी" असं होतं का? असणारच. त्या तीन शब्दांसाठी मी तिप्पट-चौपट मागतो. आणि नाव छापण्याचं म्हणाल, तर महावितरण अजून नावावर बिल माफ करत नाही.

शेवटचं, फोटो काढणाराच मालक. कंपनी कितीही पैसे देवो, कॉपीराइट तिचा होत नाही. कायदाच आहे तसा.

पाचपाखाडी:
बाकी सगळं मान्य, शेवटचा परिच्छेद मात्र धोक्याचा आहे. तो वाचून कोणीतरी गोत्यात येईल.

हा फोटो आधी काढलेला होता, म्हणून मालक फोटोग्राफर. पण कंपनीनं पैसे देऊन, सांगून काढून घेतला असता, तर १९५७ च्या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे पहिला मालक कंपनीच, उलट करार केलेला नसेल तर. तेव्हा ऑर्डरचं काम घेताना "कॉपीराइट माझ्याकडे, तुम्हाला अमुक वापर" ही ओळ कॅमेरा उचलायच्या आधी मेलवर गेली पाहिजे. बिलाच्या तळाशी नंतर छापून फारसा उपयोग नाही.

आणि सीवूड्सवाले, परवानगीत मुदत लिहिली नसेल तर ती कायमची होत नाही. ५ वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरती. दुबईच्या प्रॉपर्टी एक्स्पोत स्टॉल लावता ना तुम्ही लोक? तेव्हा मोघम ठेवलं की फावतं, हे डोक्यातून काढा.

खाडीकाठ:
ऑर्डरच्या कामाचं बरोबर आहे. वकिलाशी कोण वाद घालणार? तारीख पडेल.

वाशी सेक्टर १७:
विषय निघालाच आहे तर. मुलीच्या लग्नाला दीड लाख मोजले. अल्बम मिळाला, पण फोटोग्राफर मूळ फाइल्स देत नाही. वर तिचा मेंदीचा फोटो स्वतःच्या पेजवर जाहिरातीसाठी टाकला, कोणाला न विचारता! हे लोक कंपनीकडून वर्षाचं भाडं घेतात आणि आमचे चेहरे फुकटात वापरतात. आधी याचं उत्तर द्या.

खाडीकाठ:
काका, धागा कंपनीच्या वापराचा आहे. आणि लग्नवाले पेजवर फोटो टाकतात हे सगळ्या जगाला माहीत आहे. बुकिंगच्या वेळी त्याच पेजवरचे फोटो बघून तुम्ही त्याला निवडलं असणार.

वाशी सेक्टर १७:
काका कोणाला म्हणता? बघून निवडलं म्हणजे माझी मुलगी जाहिरातीला दिली का?

पाचपाखाडी:
इथे ते बरोबर आहेत. लग्नाचा फोटो पैसे देऊन काढून घेतलेला. वेगळा करार नसेल तर मालक तेच. पेजवर टाकायला त्यांची परवानगी लागते. मूळ फाइल्सचं मात्र वेगळं. कॉपीराइट तुमचा आहे, म्हणून फोटोग्राफरने हार्ड डिस्क तुमच्या हातात ठेवावी असं नाही. काय काय द्यायचं ठरलं होतं, ते बुकिंगच्या कागदात बघा.

वाशी सेक्टर १७:
कागद कसला? व्हॉट्सअॅपवर "ओके सर" आहे.

खाडीकाठ:
म्हणजे मी पुण्यात रात्रभर लग्न शूट करायचं, आणि माझंच काम मी दाखवायचं नाही? उद्या नवीन गिऱ्हाईक कशावर येईल? कायदा बनवणाऱ्यानं कधी वरात कव्हर केली नाही.

वाशी सेक्टर १७:
विचारायला काय होतं? एक मेसेज. कंपनीनं तुम्हाला विचारावं म्हणून वर एवढा निबंध लिहिलात ना?

नौपाड्याची रेघ:
हा टोला बसला. 😄

मी चित्रं काढते. ठाण्यातल्या एका फरसाणवाल्यांना दिवाळीच्या खोक्यासाठी चित्र करून दिलं, ८ हजारांत. पुढच्या वर्षी तेच चित्र पिशव्यांवर, मग डिलिव्हरीच्या टेम्पोवर. राम मारुती रोडवर त्या टेम्पोच्या मागे रिक्षात बसून माझंच चित्र बघत गेले. विचारलं तर म्हणाले, "ताई, तुम्हाला ऑर्डर आम्हीच दिली होती ना?" बिलात मी फक्त "चित्राचे ८,०००" लिहिलेलं. खोका हा शब्दच नाही. कलम १७ मला पण लागू का?

पाचपाखाडी:
तिथे घोळ आहे. कलमात फोटो, पेंटिंग, पोर्ट्रेट असे शब्द आहेत. टॅबवर काढलेलं सजावटीचं चित्र पेंटिंग धरायचं का, यावर ते एक म्हणतील, तुम्ही दुसरं. मी पैज लावणार नाही. पुढच्या बिलात "दिवाळी खोका, ५ हजार नग, एक हंगाम" असं लिहा. टेम्पो त्यात नसला की बोलायला जागा राहते.

सीवूड्सवाला:
माझा धागा कुठे गेला? असो. वर सांगितल्याप्रमाणे आज फोन केला. होर्डिंगवर टॉवरचं थ्रीडी लावू, वेबसाइट आणि ब्रोशर २५ हजारांत घेऊ. आमचे मालक कुरकुरतायत. पण वर्षानंतर उरलेली ब्रोशरं काय जाळायची?

खाडीकाठ:
नाही. छापील माल नगावर घ्या, तारखेवर नको. ४ हजार प्रती संपेपर्यंत वाटा, नवीन छपाई मात्र नाही. वेबसाइटवरून वर्ष संपलं की काढा. इन्स्टाच्या जुन्या पोस्ट खोदत कोणी बसत नाही, तेव्हा "जुन्या राहतील, नवीन टाकणार नाही, पैसे देऊन जाहिरात म्हणून चालवणार नाही" हे लिहून घ्या. वर्ष वाढवायचं असेल तर मुदत संपायच्या महिनाभर आधी विचारा. मी तेव्हा पहिल्या रकमेच्या साठ टक्के घेतो. हा किती घेईल ते त्यालाच विचारा.

आणि ब्रोशरमध्ये तळ्यात जास्तीचे फ्लेमिंगो चिकटवू नका. कॉपीराइट कोणाचाही असो, चित्राची मोडतोड करून त्याचं नाव खराब केलंत तर तो भांडू शकतो.

सीवूड्सवाला:
डिझायनरने आधीच सहा वाढवलेत.

वाशी सेक्टर १७:
माझ्या मेंदीच्या फोटोचं काय झालं?

खाडीकाठ:
त्याला लेखी मेसेज करा, काढून टाक म्हणून. नाही ऐकलं तर पाचपाखाडी आहेतच, फी विचारून घ्या. वापरावर आणि मुदतीवर ठरते का बघा.