मिसळ बुडाली, आता डबा की भाजणी?

रामबागवाला: इंदूरला विजयनगरचं मिसळीचं दुकान १४ महिन्यांत बंद केलं. भांडी, काउंटर विकूनही बँकेचे १,८०,००० राहिलेत, हप्ता ६,१५०. घर बायकोच्या पगारावर चाललंय. आता भंवरकुआँच्या कोचिंगवाल्या पोरांना डबे द्यावेत, की भाजणी-मेतकुटाची पाकिटं करावीत?

जुना इंदूरकर: दोन्ही नको. आधी नोकरी, कर्ज निल, मग धंदा. सकाळी पोहे-जिलेबी सोडून इथे मिसळ खातंय कोण, भिया?

हिशोबनीस: काका, मिसळीला इतक्यात फाशी देऊ नका. दादा, भाडं किती होतं? प्लेटमागे काय सुटायचं?

रामबागवाला: भाडं २२,०००, पोऱ्या १२,०००, लाइट ४,०००. प्लेट ७०ला, माल-गॅस ३२. रोज पंचवीसेक जायच्या, सुट्टी नाही.

हिशोबनीस: म्हणजे प्लेटमागे ३८ सुटत होते आणि महिन्याचा बांधील खर्च ३८,०००. नुसतं बरोबरीत यायला हजार प्लेटा हव्या होत्या, गेल्या साडेसातशे. दरमहा साडेनऊ हजारांचा खड्डा, १४ महिन्यांत १,३३,०००. तुमचं बहुतेक कर्ज हेच आहे. रोज पंचवीस लोक पैसे देऊन खात होते, म्हणजे चव अगदीच वाईट नसावी. बुडवलं भाड्याने. तेव्हा ज्यात गाळा लागत नाही तेच निवडा. घरच्या ओट्यावर दोन्ही होतं.

मालूताई: मग डबाच! पोरं महिन्याचे पैसे आगाऊ देतात. माझ्या बहिणीने तसंच केलं, पहिल्या महिन्यातच हप्ता फेडला.

हिशोबनीस: ताई, गोम तिथेच आहे. वीस पोरांचे तीन-तीन हजार म्हणजे एक तारखेला साठ हजार हातात. त्यातून हप्ता गेला की पंचवीस तारखेच्या भाजीला पैसे नाहीत. ते पैसे अजून कमावलेले नसतात, पुढच्या डब्यांचे असतात. रोज संध्याकाळी त्या दिवसाचा वाटाच काढायचा, बाकीला हात नाही. शिवाय परीक्षा झाली की खोल्या रिकाम्या.

मालूताई: हो, बहिणीची मे महिन्यात पंचाईत झाली होती खरी. ते सांगायचं राहिलं.

जुना इंदूरकर: आणि भाजणी? लोकमान्यनगरात प्रत्येक घरी आजी आहे!

हिशोबनीस: आजी आहे, पण भाजत बसायला सून मोकळी नाही. तरी काकांची शंका रास्त. म्हणून दोन किलो दळा, ओळखीत नाही, अनोळखी वीस घरी विका. महिन्याभरात आपणहून दुसऱ्यांदा मागणारे किती, ते मोजा. पाच-सहासुद्धा नसतील तर सोडा. नुकसान दोन किलो धान्याचं.

जुना इंदूरकर: आणि तोवर हप्ता कोण भरणार? तुझ्या बायकोच्याच पगारातून ना?

रामबागवाला: सध्या तिच्याच. तिला अजून विचारलेलं नाही.

मालूताई: अहो, मग आधी इथे काय विचारताय!